साक्याच्या हमीचे किती रुपये? निवड-कार्डांवरून किंमत काढण्याची रीत

देवगडजवळ आमच्या एका नातेवाइकांची हापूसची बाग आहे आणि त्यांचा अर्धाअधिक माल पुण्यात थेट घरोघरी जातो. एका वर्षी त्यांनी मला विचारलं, "साका निघाला तर फळ बदलून देऊ, असं पेटीवर छापलं तर डझनाला किती वाढवू?" साका म्हणजे काय हे हापूस खाणाऱ्याला सांगायला नको. वरून फळ अगदी देखणं असतं, कापलं की आत पांढुरकं, स्पंजासारखं आणि आंबट. सोसलं तर एक फळ गेलं, नाही सोसलं तर बागायतदाराला फोन. बाहेरून ते ओळखता येत नाही, म्हणून हमीला किंमत आहे. पण ती किंमत किती?

मी ग्राहकांच्या सर्वेक्षणांचं काम करतो. अशा प्रश्नासाठी आम्ही निवड-प्रयोग वापरतो. लोकांना दोन-तीन पेट्यांची कार्डं दाखवायची, "यातली कुठली घ्याल?" एवढंच विचारायचं, आणि त्या निवडींवरून कुठल्या गोष्टीसाठी माणूस किती रुपये सोडायला तयार आहे ते गणिताने काढायचं. तो प्रयोग पहिल्यांदा करणाऱ्याने कसा करावा ते याच पेटीवर दाखवतो. पुढे येणारे सहगुणक, म्हणजे एखाद्या गोष्टीमुळे पेटीची पसंती किती वाढते किंवा घटते ते सांगणारे आकडे, आणि टक्के हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या मालाचे वेगळे येतील.

सरळ का विचारू नये

"हमीसाठी किती जास्त द्याल?" असं विचारलं की माणूस घासाघीस सुरू करतो. काही जण "शून्य, हमी तर हवीच" म्हणतात, काही जण समोरच्याला बरं वाटावं म्हणून मोठा आकडा सांगतात. गुण द्यायला सांगितलं तर आणखी पंचाईत: चव, पिकवण्याची पद्धत, घरपोच सेवा, हमी, स्वस्ताई, सगळ्यालाच पाचपैकी पाच. बाजारात मात्र सगळं एकदम मिळत नाही. एक घेताना दुसरं सोडावं लागतं, आणि कार्डावर आपण हीच ओढाताण उभी करतो.

यामागचं गणित डॅनियल मॅकफॅडन यांनी 1970च्या दशकात बसवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट ही नवी रेल्वे सुरू होण्याआधी, कामाला जाणाऱ्या लोकांच्या प्रवासाच्या सवयींवरून त्यांनी अंदाज केला की 6.3 टक्के लोक तिने जातील. सरकारी अंदाज 15 टक्क्यांचा होता. प्रत्यक्षात आकडा आला 6.2. त्यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे लोकांच्या खऱ्या प्रवासाची माहिती होती, आपल्याकडे कागदावरची निवड आहे. हा फरक लहान नाही; शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

कार्डावर काय घ्यायचं

आधी आठ-दहा गिऱ्हाइकांशी नुसत्या गप्पा मारा. मागच्या हंगामात पेटी कुठून घेतली, का घेतली, कशावरून भांडण झालं? लोक स्वतःहून जे शब्द वापरतात तेच कार्डावर उतरले पाहिजेत. आमच्या गप्पांतून चार गोष्टी पुन्हापुन्हा आल्या: साक्याची हमी, गवतात पिकवलेला की रायपनिंग चेंबरमधला, बागेचा पत्ता दाखवणारा क्यूआर कोड, आणि घरपोच की जाऊन आणायचं. पाचवी अर्थातच किंमत.

चवही सगळ्यांनी सांगितली, पण ती कार्डावर घेतली नाही. "उत्तम चव" आणि "मध्यम चव" अशा दोन पेट्या ठेवल्या तर मध्यम कोण उचलणार? आणि "उत्तम" म्हणजे प्रत्येकाच्या मनात वेगळं. ज्याचं वचन तुम्ही विकताना देऊ शकता आणि वाचणाऱ्याला ज्याचा एकच अर्थ लागतो, तेवढंच कार्डावर घ्या. पहिल्यांदा करताना पाच गुणधर्मांच्या वर जाऊ नका. कार्ड भरगच्च झालं की लोक एकदोन ओळी वाचतात आणि बाकीचं सोडून देतात. मग न वाचलेल्या ओळीची किंमत शून्याच्या आसपास येते आणि आपण समजतो की लोकांना ती नकोच आहे.

उरलेलं सगळं गोठवून टाका आणि कार्डांच्या आधी एकदाच सांगा: "सगळ्या पेट्या देवगड हापूसच्या आहेत, डझनाच्या आहेत, फळ साधारण 250 ग्रॅमचं आहे, आणि तुम्ही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात खरेदी करताय." शेवटचं वाक्य विसरू नका. फेब्रुवारीतला भाव आणि मेमधला भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तारीख दिली नाही तर कुणी अक्षय्य तृतीयेचा आंबा डोळ्यांसमोर आणून उत्तर देतो, कुणी हंगामाच्या शेवटचा.

किंमत हा सगळ्यात नाजूक रकाना

शेवटी आपण जे भागाकार करणार आहोत त्या सगळ्यांत छेदस्थानी किंमतच बसणार आहे. हमीचे रुपये काढायचे तर हमीच्या सहगुणकाला किमतीच्या सहगुणकाने भागायचं. छेद चुकला की फक्त हमी नाही, गवत, क्यूआर, घरपोच, सगळ्यांचे आकडे एकदम फुगतात किंवा आक्रसतात. म्हणून निम्मी मेहनत इथे घाला.

पातळ्या चार घेतल्या: 700, 900, 1100 आणि 1300 रुपये डझन. सर्वांत खालची अशी की जी त्या आठवड्यात बाजारात स्वस्तात स्वस्त दिसू शकते, सर्वांत वरची अशी की जी बघून बरेच जण नाक मुरडतील पण हसणार नाहीत. मधली अंतरं सारखी ठेवली म्हणजे नंतर तपासायला सोपं जातं. 900, 950, 1000 असल्या चिंचोळ्या पातळ्या ठेवल्या तर किमतीकडे कुणी लक्षच देत नाही. मग किमतीचा सहगुणक इवलासा येतो आणि क्यूआर कोडसाठी लोक सहाशे रुपये द्यायला तयार आहेत असा चमत्कार दिसतो.

दुसरी गफलत मला कच्च्या फेरीत भेटली. कोथरूडमधल्या एका काकूंसमोर मी कार्ड ठेवलं. डावीकडची पेटी 700ची, साक्याच्या हमीसकट, घरपोच. उजवीकडची 1300ची, हमी नाही, स्वतः जाऊन आणायची. काकूंनी उजवीकडची उचलली. मला वाटलं कार्ड उलटं वाचलं. विचारलं तर म्हणाल्या, "अरे, सातशेला देवगड मिळतो होय? कर्नाटकचा असणार तो. हमी देतात म्हणजे खपत नसेल."

काकूंचं काही चुकलं नव्हतं. कर्नाटकचा आंबा हापूसच्या नावाने विकला जातो हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली जीआय मानांकन मिळालं, तरी तो संशय गेलेला नाही. त्यांच्यासाठी किंमत हा नुसता खर्च नव्हता, ती अस्सलपणाची खूण होती. म्हणजे कार्डावर मी किंमत बदलत होतो आणि त्यांच्या मनात जात बदलत होती. असे लोक बरेच असतील तर किंमत वाढल्याने पेटी जेवढी नावडती व्हायला हवी तेवढी होत नाही, छेद लहान होतो आणि बाकीच्या सगळ्या किमती खोट्याच फुगतात.

उपाय दोन केले. सुरुवातीच्या निवेदनात एक वाक्य वाढवलं: "सर्व पेट्या एकाच बागेतल्या, एकाच दिवशी उतरवलेल्या आंब्यांच्या आहेत, किंमत फक्त विक्रेत्याने वेगवेगळी लावली आहे." शिवाय कार्डं झाल्यावर एक साधा प्रश्न ठेवला: "स्वस्त पेटीतला आंबा हलका असेल असं वाटलं का?" जे "हो" म्हणतील त्यांची उत्तरं फेकून द्यायची नाहीत, पण हिशेब एकदा त्यांच्यासह आणि एकदा त्यांच्याशिवाय करायचा. आकडा फार हलला तर समजायचं की निवेदन अजून पुरेसं नाही.

कार्डांची जोडणी

किमतीच्या चार पातळ्या आणि चार हो-नाही गुणधर्म, म्हणजे 64 प्रकारच्या पेट्या. दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर 2016. एवढ्या कुणालाच दाखवायच्या नाहीत. प्रत्येक माणसाला आठ कार्डं पुरतात. दहा-बाराच्या पुढे लोक कंटाळून बोट ठेवत जातात.

नवशिक्याने प्रत्येक माणसासाठी वेगळ्या आठ जोड्या यदृच्छेने उचलाव्यात. यासाठी तयार साधनं आहेत, पण साधी स्प्रेडशीटही चालते. फक्त एक पथ्य पाळा: चांगल्या गोष्टींच्या पेट्या नेहमी महाग आणि साध्या पेट्या नेहमी स्वस्त असं करू नका. दुकानात तसंच असतं, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. पण हमी आणि किंमत कायम जोडीने हलली, तर माणसाने पेटी हमीसाठी घेतली की किमतीमुळे सोडली हे कुठलंही गणित सांगू शकणार नाही. स्वस्त आणि हमीची, महाग आणि बिनहमीची, अशा विचित्र पेट्यांमुळेच दोन्हींचा वेगळा हिशेब लागतो.

उलट, ज्या जोडीत एक पेटी स्वस्तही आहे आणि सगळ्या बाबतींत सरसही, ती काढून टाका. तिच्यातून काही कळत नाही. अशी एकच जोडी मात्र मुद्दाम, सगळ्यांना सारखी ठेवा. तिच्यावर महाग आणि बिनसोयीची पेटी उचलणारा एकतर वाचत नाही किंवा काकूंसारखा विचार करतो. हे कार्ड नववं; हिशेबात धरायचं नाही.

आणि प्रत्येक कार्डावर तिसरा पर्याय हवाच: "यातली कुठलीच घेणार नाही." तो नसेल तर आंबा न खाणाऱ्यालाही तुम्ही जबरदस्तीने पेटी घ्यायला लावता. मग हमीमुळे गिऱ्हाईक वाढेल की फक्त आपल्याच एका पेटीवरून दुसरीवर सरकेल, हे कळत नाही.

कार्ड असं दिसतं:

```
                 पेटी १        पेटी २        कुठलीच नाही
किंमत (डझन)      ₹900          ₹1100
साका निघाल्यास   बदली नाही     फळ बदलून देणार
पिकवण            गवतात         चेंबरमध्ये
बागेचा क्यूआर    नाही          आहे
पोहोच            घरपोच         जाऊन आणायची
```

ओळींचा क्रम एका माणसाला आठही कार्डांवर सारखा ठेवा, पण माणसागणिक बदला. किंमत कायम वर असेल तर ती जास्त जड होते.

किती माणसं, आणि कच्ची फेरी

या धंद्यात एक ढोबळ आडाखा चालतो. 500 गुणिले सर्वांत जास्त पातळ्या असलेल्या गुणधर्माच्या पातळ्या, भागिले (कार्डं गुणिले कार्डावरच्या पेट्या). आपल्याकडे 500 × 4 ÷ (8 × 2) = 125. ही किमान रेघ झाली, आरामाची नाही. दीड-दोनशे माणसं धरा, आणि जुने-नवे ग्राहक असं वेगळं बघायचं असेल तर प्रत्येक गटात तेवढी. नुसती मित्रमंडळी भरू नका. ज्यांनी मागच्या दोन हंगामांत स्वतःच्या पैशाने पेटी घेतली आहे त्यांनाच घ्या.

त्याआधी वीस-पंचवीस जणांची कच्ची फेरी, तीही समोर बसून. निवडताना मोठ्याने बोलायला सांगा. काकूंचं वाक्य मला फॉर्मवरून कधीच कळलं नसतं. फॉर्मवर फक्त "पेटी २" एवढंच आलं असतं आणि मी तो आकडा निमूटपणे हिशेबात घातला असता.

आकडे मांडायचे कसे

नवखे बहुतेक इथे अडखळतात. एका माणसाची एक ओळ नसते. प्रत्येक कार्डावरच्या प्रत्येक पर्यायाची एक ओळ असते. आठ कार्डं, तीन पर्याय, म्हणजे माणसी 24 ओळी. वरचं कार्ड 101 क्रमांकाच्या माणसाचं पहिलं कार्ड असेल आणि त्याने दुसरी पेटी निवडली असेल, तर:

```
person task choice price saka gavat qr ghar none
101    1011   0      9    0     1   0   1    0
101    1011   1     11    1     0   1   0    0
101    1011   0      0    0     0   0   0    1
```

किंमत शेकड्यात लिहिली आहे. "कुठलीच नाही" या ओळीत सगळं शून्य आणि `none` एक. `task` हा क्रमांक सगळ्या माणसांत मिळून एकमेव हवा. सगळ्यांच्या पहिल्या कार्डाला नुसतं 1 लिहिलं तर संगणक दीडशे माणसांची कार्डं एकच समजतो. प्रत्येक `task`मध्ये `choice`ची बेरीज बरोबर एक येते का, हे आधी तपासा.

मग हा तक्ता `d` या नावाने `R` या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये वाचून घ्या आणि:

```r
library(survival)
m <- clogit(choice ~ price + saka + gavat + qr + ghar + none +
              strata(task) + cluster(person),
            data = d, method = "efron")
summary(m)
```

`cluster(person)` का? एकाच माणसाची आठ उत्तरं म्हणजे आठ वेगळी माणसं नव्हेत. हे सांगितलं नाही तर सहगुणकांची प्रमाण-चूक, म्हणजे ते किती इकडेतिकडे असू शकतात त्याचं माप, खोटीच लहान दिसते. `method = "efron"` मुद्दाम लिहावं लागतं, कारण या आज्ञेची मूळ पद्धत `cluster`बरोबर चालत नाही.

आलेलं उत्तर वाचणं

समजा सहगुणक असे आले: किंमत (दर शंभर रुपयांना) −0.35, साक्याची हमी 0.70, घरपोच 0.49, गवत 0.42, क्यूआर 0.28, आणि "कुठलीच नाही" −2.8.

या आकड्यांना स्वतःचं एकक नाही. 0.70चा अर्थ एवढाच की बाकी सगळं सारखं असलेल्या दोन पेट्यांत हमीची पेटी बिनहमीच्या साधारण दुप्पट वेळा उचलली जाते, कारण e^0.70 जवळजवळ 2 आहे. रुपये मिळवायला भागाकार करायचा:

```r
b <- coef(m)
-100 * b[c("saka", "ghar", "gavat", "qr")] / b["price"]
```

हमी 200 रुपये, घरपोच 140, गवत 120, क्यूआर 80. भागाकाराचा आणखी एक फायदा आहे. लोकांनी घाईत किंवा अर्धवट लक्ष देऊन उत्तरं दिली तर सगळेच सहगुणक एकसाथ शून्याकडे सरकतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण बरंचसं टिकतं. म्हणून दोन गटांची तुलना करताना सहगुणक शेजारी ठेवू नका, रुपये ठेवा. तरुणांचा हमीचा सहगुणक 0.5 आणि ज्येष्ठांचा 0.7 आला, तर त्यावरून ज्येष्ठांना हमी जास्त हवी असं ठरत नाही. कदाचित तरुणांनी मोबाइलवर भरभर बोट फिरवलं असेल.

200 हा आकडा एकटा सांगू नका, त्याची रुंदी सांगा:

```r
s <- MASS::mvrnorm(5000, coef(m), vcov(m))
quantile(-100 * s[, "saka"] / s[, "price"], c(.025, .975))
```

हमीच्या सहगुणकाची प्रमाण-चूक 0.12 आणि किमतीची 0.04 असेल तर ही रुंदी साधारण 120 ते 280 रुपये भरते. बागायतदाराला "दोनशे" सांगण्यापेक्षा "सव्वाशे ते पावणेतीनशेच्या मध्ये कुठेतरी" असं सांगितलेलं बरं. तो तेवढा हिशेबी असतोच.

आता छेदाची तपासणी. किमतीचा एक रकाना काढून 900, 1100 आणि 1300 यांचे तीन वेगळे हो-नाही रकाने घाला आणि गणित परत चालवा. 700च्या तुलनेत पसंती पायरीपायरीने उतरायला हवी: साधारण −0.7, −1.4, −2.1. तसं न होता 900चा आकडा शून्याच्या आसपास आला किंवा चक्क धन आला, तर 700च्या पेटीवर लोकांचा विश्वास नाही, काकूंचाच आवाज आकड्यांत उतरलाय. तेव्हा 900च्या वरचा उतार धरून हिशेब करा, आणि वेळ असेल तर सर्वांत खालची पातळी 800वर नेऊन काही माणसं नव्याने घ्या.

माणसागणिकही नजर टाका. आठही वेळा डावीच पेटी उचलणारे, पूर्ण सर्वेक्षण दीड मिनिटात संपवणारे, हे वगळायला हरकत नाही. आठही वेळा स्वस्तच घेणारा मात्र वगळू नका. तो खरा गिऱ्हाईक असू शकतो, आणि अशांना काढलं की छेद पुन्हा लहान होतो.

दोनशे म्हणजे दोनशेने भाव वाढवा असं नाही

आमचे नातेवाईक आकडा ऐकून लगेच म्हणाले, "मग दोनशे वाढवतो." थांबवावं लागलं. 900ची साधी पेटी आणि 1100ची हमीची पेटी यांचा हिशेब घाला: पेटीचा गुण म्हणजे तिला लागू होणाऱ्या सहगुणकांची बेरीज; साधीचा गुण −0.35 × 9 = −3.15, हमीची −0.35 × 11 + 0.70 = −3.15. बरोबर सारखे. म्हणजे दोनशेने वाढवलं तर गिऱ्हाइकाला दोन्ही पेट्या सारख्याच. हमीचा सगळा फायदा किमतीने खाल्ला, आणि बदली फळाचा खर्च मात्र बागायतदाराच्या माथी.

हमीची पेटी 1050ला लावली तर तिचा गुण −2.975 होतो. तिन्ही पर्यायांच्या वाट्यांसाठी e चा त्या-त्या गुणाइतका घात घेऊन बेरजेने भागायचं. साधी पेटी सुमारे 28 टक्के, हमीची 33, कुठलीच नाही 39. आता खर्चाची बाजू: दर डझनात सरासरी एक फळ बदलावं लागत असेल आणि फळ व पोहोच मिळून त्याला 70 रुपये पडत असतील, तर 150 वाढवून 80 हातात राहतात. 100 वाढवलं तर 30, पण पेट्या जास्त जातात. कुठला भाव सरस हे 25-25 रुपयांनी सरकवून, वाटा गुणिले नफा असा तक्ता करून बघा. त्या तक्त्याचं उत्तर क्वचितच 200 असतं.

शिवाय 200 ही सरासरी आहे. निम्म्या लोकांना हमीचे 400 वाटत असतील आणि निम्म्यांना काहीच नाही, तरी सरासरी तेवढ्याच्या आसपास दिसू शकते. पण मग धंदा वेगळा करावा लागतो: साधी पेटीही ठेवायची आणि हमीची बऱ्यापैकी महाग लावायची. वर वापरलेलं गणित, म्हणजे साधं लॉजिट, हे दाखवत नाही. पहिली पायरी म्हणून मागच्या वर्षी साका निघालेले आणि न निघालेले असे दोन गट करून रुपये वेगवेगळे काढा. त्यापुढचं हत्यार म्हणजे मिश्र लॉजिट, ज्यात माणसागणिक आवड बदलू दिली जाते. तिथे किमतीचा सहगुणकही मोकळा सोडला तर काही माणसांचा छेद शून्याजवळ जाऊन लाखभर रुपयांची हमी निघते. म्हणून सुरुवातीला तो सगळ्यांना एकच ठेवावा, किंवा थेट रुपयांतच गणित मांडावं. `logitr` या पॅकेजमध्ये तशी सोय आहे.

वाट्यांवरही आंधळा विश्वास नको. समजा शेजारच्या बागायतदाराने अगदी हमीच्या पेटीसारखी पेटी आणली, फक्त फीत निळी. साधं लॉजिट सांगेल: साधी 21 टक्के, तुमची हमीची 25, त्याची 25, कुठलीच नाही 29 किंवा 30. म्हणजे नुसती निळी फीत बघून आंबा न घेणारे दहा टक्के लोक आंबा घ्यायला लागले! खरं तर ती पेटी जवळजवळ सगळं गिऱ्हाईक तुमच्याच पेटीचं ओढेल. या गणितात नवा पर्याय सगळ्यांकडून त्यांच्या-त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात घेतो, मग तो कुणासारखा का असेना. तांबडी बस आणि निळी बस या नावाने हा दोष पुस्तकांत सापडेल. म्हणून जुळ्या पेट्यांची तुलना या हिशेबाने करू नका.

कागदावरचे पैसे

कार्डावर बोट ठेवताना खिशातून काही जात नाही, त्यामुळे "कुठलीच नाही" खऱ्यापेक्षा कमी निवडलं जातं आणि रुपये बहुधा चढे येतात. सुरुवातीला स्पष्ट सांगा: "अशा प्रश्नांत लोक खऱ्या खरेदीपेक्षा सढळ हाताने उत्तर देतात. या महिन्याचा घरखर्च डोळ्यांसमोर ठेवून निवडा." त्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. त्याहून बरं म्हणजे आधीच जाहीर करणं की आठांतलं एक कार्ड चिठ्ठी टाकून काढू आणि काही जणांना त्यावर निवडलेली पेटी त्या किमतीला खरोखर विकू. यासाठी कार्डावरच्या सगळ्या प्रकारच्या पेट्या तुमच्याकडे असायला हव्यात. आंब्यात ते जमतं, फ्रीजमध्ये नाही.

आम्ही एवढं केलं नाही. हंगामात दोन आठवडे ऑर्डरच्या फॉर्मवर दोन्ही पेट्या ठेवल्या. पहिल्या आठवड्यात हमीची शंभरने महाग, दुसऱ्यात दीडशेने. मग दोन पेट्यांमधली विभागणी तक्त्याशी ताडून पाहिली. एकूण किती पेट्या गेल्या ते ताडलं नाही. दर आठवड्याला उतरणारा भाव आणि पाऊस त्यात मिसळतात. घेणाऱ्यांपैकी किती जणांनी हमीची घेतली, एवढंच बघायचं. 150च्या फरकाला तक्ता म्हणतो 28ला 33, म्हणजे शंभर घेणाऱ्यांत साधारण 54. चाळीसच निघाले तर 200चा आकडा कागदी होता असं धरून खाली आणायचा. किती, तेही निघतं: 40ला 60 हे प्रमाण म्हणजे गुणात −0.405चा फरक, तो 0.35ने भागून शंभराने गुणला की 116 रुपये. 150तून 116 वजा केले की हमीची बाजारातली किंमत राहते 34.